नावडतीचं केवायसी

झोपलेल्या राजकन्येला राजपुत्राने वाचवलं, असं जगभरची पोरं दोनशे वर्षं ऐकत आली आहेत. ग्रिम बंधूंची मूळ गोष्ट नीट वाचली तर राजपुत्राचं पितळ उघडं पडतं. पंधराव्या वर्षी राजकन्येच्या बोटाला चाती टोचते, शाप शंभर वर्षांचा असतो आणि वाड्याभोवती काटेरी कुंपण वाढतं. मधल्या काळात कितीतरी राजपुत्र येतात, काट्यांत अडकतात आणि तडफडून मरतात. आपला हिरो नेमका शंभरावं वर्ष संपलं त्या दिवशी पोचतो. कुंपणाला फुलं येतात आणि ते आपसूक बाजूला होतं. गडी आत जातो, मुका घेतो आणि श्रेय लाटतो. आधीचे गेले ते भित्रे नव्हते, फक्त तारीख चुकली. म्हणजे या गोष्टीतला खरा नायक कॅलेंडर आहे. आमच्याकडे मुदत संपत आलेल्या कामाचं उद्घाटन करायला पुढारी कसे बरोबर वेळेवर हजर असतात, ते पाहिलेल्या माणसाला हा राजपुत्र अनोळखी वाटायचा नाही.

या गोष्टीने पोरींना तीन धडे दिले असं म्हणतात. कोणीतरी सोडवायला येईल. तोवर गप पडून राहायचं. आणि आल्यावर त्याचंच होऊन जायचं. गेल्या पन्नासेक वर्षांत यावर पुष्कळ टीका झाली, मग नव्या रीतीने गोष्टी सांगायची लाट आली आणि आता कुठल्याही सिनेमातली राजकन्या तलवार घेऊनच झोपेतून उठते. चांगलं आहे. पण हे धडे परदेशी पोरींचे. जळगाव-धुळ्याकडच्या पोरीला कुठल्या गोष्टींनी वाढवलं आणि त्या गोष्टी आता नव्याने कोण सांगतंय, हा प्रश्न मला जास्त चावतो. कारण आमच्या गोष्टींत झोपायची सोयच नाही. शंभर वर्षं झोप? सकाळी भाकरी कोण टाकणार?

आमची सिंड्रेला म्हणजे नावडती. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी घ्या. राजाला चार सुना. तीन आवडत्या, एक नावडती. आवडतींना चांगलंचुंगलं, नावडतीला उष्टं अन्न, फाटकं लुगडं, राहायला गुरांचा गोठा आणि काम गुराख्याचं. इथवर सिंड्रेलाच. पण सिंड्रेलाचा छळ सावत्र आई करते आणि लग्न हा त्यावरचा उपाय असतो. नावडतीचा छळ लग्नानंतरच सुरू होतो. तिकडची गोष्ट जिथे संपते, तिथे इकडची सुरू होते, हा फरक कुठल्याच चर्चासत्रात नीट पोचत नाही.

नावडती रानात जाते. तिथे नागकन्या-देवकन्या भेटतात, त्या महादेवाला शिवामूठ वाहायला निघालेल्या असतात. ही विचारते, बायांनो, याने काय होतं? त्या सांगतात, भक्ती होते, इच्छित कार्य होतं, नावडती आवडती होते. मग ही वसा घेते. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव. दिवसभर उपास, आणि घरून मिळालेलं उष्टं गाईला. लक्षात घ्या, इथे परी जादूची कांडी फिरवून जात नाही. रानातल्या बाया वाट सांगतात आणि चालायचं हिचं हिने. वाट पाहणं आहेच, पण त्या वाट पाहण्याला वार आहे, माप आहे, धान्य आहे. मूठ किती, तर आपल्याच हातात मावेल तेवढी. एवढं काटेकोर नियोजन जिल्हा परिषदेत असतं तर काय पाहिजे होतं.

आता मागणं बघा. मूठ वाहताना ती जे मागते त्यात कुठे राजपुत्र नाही. सासरा, सासू, दीर, भावा, नणंदा, जावा आणि भ्रतार, या सगळ्यांची मी नावडती आहे, मला आवडती कर, असं तिचं म्हणणं. रेशनकार्डावरची सगळी नावं एका दमात येतात आणि नवऱ्याचं नाव त्या रांगेत असतं, रांगेच्या पुढे नसतं. ज्या बाईने ही कहाणी पहिल्यांदा रचली असेल, तिला एकत्र कुटुंबाचं राजकारण पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याचं प्रेम मिळवून एकटीने काय साधणार? चुलीवर सत्ता सासूची, धान्याच्या कोठीवर सासऱ्याची, आणि चुगल्या करायला नणंदा. सुटका हवी तर कोरम पुरा पाहिजे.

शेवटाकडे घरचे विचारतात, तुझा देव आहे तरी कुठे? ती म्हणते, लांब आहे, वाट अवघड आहे, काटेकुटे आहेत, साप-वाघ आहेत. तरी सगळे तिच्यामागून निघतात. तिला रोजचा सराव, ती झपाझप चालते. यांच्या पायांत काटे मोडतात आणि तेव्हा कुठे यांना तिची कीव येते, ही बिचारी रोज इथून कशी येत असेल. संबंध कहाणीत मला ही जागा सगळ्यांत आवडते. देवाचा चमत्कार व्हायच्या आधीच चमत्कार होऊन गेलेला असतो. सासर सुनेच्या वाटेने एकदा चालतं, बस्स. पुढे ती प्रार्थना करते, देऊळ सोन्याचं होतं, रत्नजडित खांब, हंड्या-झुंबरं. सासरा पगोटं खुंटीला अडकवून बाहेर फिरायला जातो. परत येतो तर सोन्याचं देऊळ गायब. एक लहानसं देऊळ, आत पिंड, नावडतीने केलेली पूजा, आणि खुंटीवर आपलं पगोटं तसंच लटकलेलं. सिंड्रेलाची काचेची चप्पल आणि आमच्या सासऱ्याचं पगोटं, दोघांचं काम एकच, पटवायचं. पण चप्पल मुलीच्या पायात बसते की नाही ते पाहतात. पगोट्यावरून सासऱ्याची परीक्षा होते. मग नावडतीला पालखीत बसवून घरी आणतात.

घरी आणतात, यात सगळी मेख आहे. त्याच घरी. गोठ्यातून माजघरात. सुटका झाली ती पत्ता न बदलता. कहाणी संपते तेव्हा नावडती कोणी उरत नाही म्हणतात, पण गोठा असतोच. पुढच्या सुनेसाठी.

आमच्या एक काकू दर श्रावणात ही कहाणी वाचतात. मी एकदा त्यांना म्हटलं, काकू, ही बाई एवढं चालते-फिरते, रान ओळखते, नागकन्यांशी मैत्री करते, मग परत त्याच माणसांकडे कशाला जाते? त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मग कुठं जाईल? तुझ्या घरी?" मी मूग गिळले. तिसऱ्या सोमवारचेच होते बहुतेक.

कुठं जाईल, या प्रश्नाला खान्देशाचं एक उत्तर आहे: माहेरी, आखाजीला. अक्षय्य तृतीया उरलेल्या महाराष्ट्रात सोनं घ्यायचा मुहूर्त असेल, आमच्याकडे ती लेकीबाळींची दिवाळी. कडूनिंबाला झोके बांधायचे, गौराई मांडायची, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी हाणायची आणि भर उन्हात झोक्यावर सासरच्यांचा उद्धार करायचा. त्या गाण्यांत ज्याची वाट पाहतात तो घोड्यावरचा राजपुत्र नसतो. तो भाऊ असतो, मुराळी म्हणून येणारा. ‘मना भाऊ उना नही’ हे आमच्या बाईच्या तोंडी आलं की समजायचं, काळजात खड्डा पडलाय. राजपुत्र घरी नेऊन घालतो, भाऊ घरून सोडवून नेतो. दिशाच उलटी. जगातल्या परीकथांत लग्न ही सुटका आणि आमच्या गाण्यांत लग्नातून चार दिवस रजा ही सुटका.

बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदं, सासर जळगाव. दोन गावांत अंतर ते केवढं, काही मैलांचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावात आल्या आणि पुढे त्यांच्या कवितेत माहेर असं काही आलं की वाटावं आसोदं समुद्रापल्याड आहे. एके ठिकाणी योगी सासुरवाशिणीला टोकतो की माहेराचं एवढं कौतुक असेल तर सासरी राहतेसच का. तिने दिलेलं उत्तर कुठल्याही परीकथेपेक्षा हुशार आहे. थोडक्यात असं, की आज मी सासरी नांदते तेव्हा कुठे माझ्या लेकीला उद्या माहेर असेल. बघा, सुटका कोणी करायची हा प्रश्नच बाईने फिरवला. वाट पाहणारी बाई स्वतःच दुसऱ्या कोणाचा तरी मुक्काम होते. हे मी कौतुकाने लिहितोय, पण थोडा अस्वस्थही होतोय, कारण या हिशोबात दर पिढीची बाई हप्ता भरते आणि पॉलिसी पुढच्या पिढीला मिळते.

जाता जाता एक. आखाजीलाच आमच्याकडे सालदाराचं साल संपतं. मालकाशी हिशोब करायचा, पटलं तर नवं साल ठरवायचं, नाही तर राम राम करून दुसरा मालक धरायचा. त्याच दिवशी, त्याच गावात, लेक झोक्यावर बसलेली असते. तिचं साल संपत नाही.

आणि भावाच्या भरवशावरही फार राहू नये, हे सांगायला शुक्रवारची कहाणी आहेच. भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भाऊ सहस्रभोजन घालतो, अख्ख्या गावाला बोलावतो आणि बहिणीला बोलावत नाही. तिला वाटतं, विसरला असेल, गर्दीत होतं असं. पोरांना घेऊन जाते आणि पंगतीत बसते. तर हा बाप्या सगळ्यांसमोर हात धरून तिला उठवतो. पुढे ती व्रत करते, दिवस पालटतात, आणि मग भावाला बहिणीची आठवण येते. या खेपेला ती दागिने घालून जाते, पंगतीत बसते आणि एकेक पदार्थ उचलून एकेका दागिन्यावर ठेवायला लागते. भाऊ विचारतो, हे काय? ती सांगते, ज्यांना तू बोलावलंस त्यांना जेवू घालतेय. एवढं सणसणीत उत्तर देणारी नायिका ग्रिम बंधूंना अख्ख्या जन्मात सापडली नाही. तरी पुढे भाऊ माफी मागतो आणि बहीण जेवते. आमच्या कहाण्या तोंडात मारतात, पण ताटावरून उठू देत नाहीत.

वाट बघायला लावायचं शास्त्र मात्र कोणी पूर्ण विकसित केलं असेल तर ते कारल्याच्या गाण्याने. भोंडल्यात ते आहे, हादग्यात आहे, आणि भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या भुलाबाईतही ते दणक्यात म्हणतात. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. आता वेल येऊ दे. आला. फूल येऊ दे. आलं. कारलं लागू दे, मग भाजी कर, मग खा, मग खरकटं काढ. एवढं सगळं झाल्यावर सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. सासरा दिराकडे पाठवतो, दीर आणखी कोणाकडे, असं करत फाइल नवऱ्याच्या टेबलावर येते. बऱ्याच ठिकाणच्या पाठात शेवटी सुनेची वेणी घालतात आणि जा म्हणतात. पण गंमत बघा, भाजी कारल्याची. गोड काही पेरायला सांगितलं असतं तर एवढं खरं वाटलं नसतं.

या गाण्यात मोठी गोष्ट अशी की सुनेला काय हवंय ते पहिल्याच ओळीत ठणठणीत सांगितलेलं आहे. तिला माहेरी जायचंय. त्यावर कोणाचं दुमत नाही, कोणी तिला वेडी म्हणत नाही, कोणी नाही सुद्धा म्हणत नाही. सगळे फक्त ‘हो, पण आधी’ म्हणतात. झोपलेल्या राजकन्येला काय हवं होतं ते आजपर्यंत कोणालाच माहीत नाही. तिला कोणी विचारलंच नाही, ती झोपलेली होती.

आता नव्या सांगण्याकडे येऊ. परीकथा बदलतात म्हणून उगाच गळे काढायचं कारण नाही, त्या पहिल्यापासून बदलतच आल्या. झोपलेल्या राजकन्येची इटालियन बासिलेने सांगितलेली गोष्ट 1636 मध्ये छापली गेली. तिच्यात राजा विवाहित आहे आणि ती हाकेला उठत नाही म्हटल्यावर तो आपला कार्यभाग उरकून निघून जातो. तिला झोपेतच जुळं होतं, त्यातलं एक बाळ आईचं बोट चोखतं, रुतलेली जवसाची कूस निघते आणि ती जागी होते. म्हणजे तिला जागं केलं ते भुकेल्या पोराने. पुढे 1697 मध्ये पेरोने फ्रान्सच्या दरबारी लोकांसाठी गोष्ट धुऊन-पुसून घेतली. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये आणखी सोज्वळ केली आणि चुंबन घातलं. डिस्नेने 1959 मध्ये त्या चुंबनाला ‘खरं प्रेम’ असं लेबल लावलं आणि राजपुत्राच्या हातात तलवार देऊन त्याला ड्रॅगनशी लढवलं. इतकी वर्षं तो फुकट श्रेय घेत होता, निदान आता त्याला घाम गाळायला लावला. ग्रिम बंधूंपैकी विल्हेल्म तर पुढच्या आवृत्त्यांत हात फिरवतच राहिला. पहिल्या आवृत्तीत रापुन्झेल निरागसपणे विचारते, माझे कपडे अलीकडे घट्ट का होतात? राजपुत्राच्या रात्रीच्या फेऱ्यांचा परिणाम चेटकिणीच्या ध्यानात येतो. पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य गेलं आणि ही म्हणते की राजपुत्रापेक्षा तुला वर ओढायला जड जातं. पोरीची इच्छा वाचकांना अडचणीची वाटली, म्हणून पोरीला मंद करून टाकलं.

आणि मग 2014 चा ‘मेलेफिसंट’ आला. त्यात राजपुत्राचं चुंबन सपशेल फोल ठरतं, शाप देणारी चेटकीणच पोरीच्या कपाळावर ओठ टेकते आणि पोरगी जागी होते. त्याच्या आदल्या वर्षी ‘फ्रोजन’मध्ये बहिणीने बहिणीला वाचवलं. आमच्याकडे रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीला पोरं कधीपासून टाळ्या वाजवतात, राजकन्येचं नाव कोणाला आठवत नाही. चेटकिणीत दम असतो हे मराठी बालप्रेक्षकाने हॉलिवूडच्या आधी ओळखलं होतं.

हे बदल चांगले आहेत, पण पुरते नाहीत. नव्या सांगण्यात सोडवणारा बदलला. राजपुत्र गेला, बहीण आली, चेटकीण आली, नाही तर पोरीने स्वतःच स्वतःला सोडवलं. वाट पाहणं तर कापूनच टाकलं, कारण दोन तासांच्या सिनेमात पेरलेलं कारलं उगवायला वेळ नसतो. आणि या सगळ्या घाईत इच्छेचं काय झालं? नवी राजकन्या ठासून सांगते की मला कोणाची गरज नाही. बरं. मग हवं काय? त्यावर बहुधा बर्फाचा महाल आणि एक गाणं असतं. जुनी राजकन्या राजपुत्र मागायची ते चुकीचं असेल, पण नवीने काही मागायचंच नाही हाही एक प्रकारचा उपासच झाला.

धुळ्यात देवपुरात एका घरी सुट्टीत नाती टीव्हीवर ‘फ्रोजन’ बघत होत्या. आजी मागे बसून मेथी निवडत होती. एल्सा डोंगरावर एकटी महाल बांधते, पाय आपटते, अंबाडा सोडते. आजीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आन हाई पोरगीले कोनी काम सांगस का नही?" नाती खिदळल्या. मला मात्र वाटलं, समीक्षेला याहून अचूक प्रश्न सापडायचा नाही. जिला कोणी काम सांगत नाही तिची मुक्ती सोपी असते. महाल झाडायचा कोणी, हे सिनेमा दाखवत नाही.

पण आमच्या कहाण्यांचं सगळ्यांत मोठं नवं सांगणं डिस्नेने केलेलं नाही, महाराष्ट्र शासनाने केलं आहे. जून 2024 च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. महिन्याला 1500 रुपये, आणि पहिले दोन हप्ते मिळून 3000 त्याच वर्षी राखी पौर्णिमेच्या तोंडावर खात्यात. नाव ज्याने ठेवलं त्याला मी मानतो. त्याने श्रावणातल्या कहाण्या लहानपणी मांडी घालून ऐकल्या असणार. नावडतीची लाडकी करायची, सोडवायला भाऊ आणायचा, आणि तोही राखीच्या मुहूर्तावर. मुराळी आता बैलगाडी जुंपून येत नाही, थेट खात्यात येतो.

पैशाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पंधराशे रुपयांत बाईच्या हातात जे येतं ते तिला कोणापुढे हात न पसरता खर्च करता येतं, आणि हे सुख काय असतं ते पगारदाराला कळायचं नाही. माझी तक्रार कथानकाची आहे. लाडकी व्हायच्या अटी बघा. वय 21 ते 65. ग्रिमांची राजकन्या पंधराव्या वर्षी झोपली, शंभर वर्षांनी उठली, म्हणजे एकशे पंधरा. वयोमर्यादा ओलांडली, अर्ज बाद. घरात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. सिंड्रेलाकडे रथ होता, पण बाराच्या ठोक्याला त्याचा भोपळा होत असल्याने पडताळणी दिवसा झाली तर ती पात्र. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. शिवामुठीतली नावडती राजाची सून, तेव्हा ती गोठ्यात राहत असली तरी कागदोपत्री राजघराण्यातली. अपात्र. गोठ्याचा दाखला तलाठी देत नाही.

आणि मग 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी आलं. तिथे तर मी आनंदाने उडीच मारली, कारण कारल्याचं गाणं मला संकेतस्थळावर सापडलं. आधी बहिणीने स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा. मोबाइलवर ओटीपी येऊ दे. आला? तो टाक. आता नवऱ्याचा आधार क्रमांक टाक, नवरा नसेल तर वडिलांचा. त्याच्या मोबाइलवर ओटीपी येऊ दे. म्हणजे बहिणीने लाडकं व्हायचं असेल तर आधी नवऱ्याला विचारायचं. सासू-सासरे आणि दीर यांची पायरी शासनाने गाळली, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे. पण ज्या बाईला नवरा नाही, वडीलही नाहीत, तिचं काय? तिच्यासाठी मागाहून कागदपत्रांची वेगळी सोय करावी लागली, मृत्यूचा दाखला नाही तर घटस्फोटाचा कागद. आणि जिचा नवरा आहे पण नांदवत नाही, ओटीपी सांगायला फोन उचलत नाही, ती नेमकी खरी नावडती. कहाणी जिच्यासाठी रचली तीच फॉर्मच्या दुसऱ्या पानावर अडकते.

पडताळणीत नावं कमी व्हायला लागली तेव्हा मला शुक्रवारची कहाणी आठवली. बहिणीला हात धरून पंगतीतून उठवायचा जुना प्रकार आता ‘अपात्र लाभार्थी’ या शब्दांत होतो. काहींनी खरंच नियम मोडला असेल, सरकारी नोकरीत असून अर्ज भरले होते, त्यांना उठवलं ते बरोबरच. पण बाकीच्या बहिणी? हप्ता आला नाही की त्या बँकेच्या पायरीवर बसून म्हणतात, विसरला असेल, एवढ्या बहिणी आहेत, होतं असं. ही वाक्यं कहाणीतलीच आहेत, फक्त पाठीमागे पंगतीऐवजी पासबुक छापायचं मशीन आहे आणि तेही बंद.

या सगळ्या सांगण्यांत, ग्रिमांच्या, डिस्नेच्या आणि मंत्रालयाच्या, एक प्रश्न कोणीच विचारत नाही. आमच्या अहिराणीत तो अगदी सरळ आहे: तुले काय जोयजे? नावडतीने मनातलं सांगितलं, पण देवाला. कारलंवालीने सासूला सांगितलं, तर तिला बी पेरायला लावलं. लाडकीच्या अर्जात नाव, वय, पत्ता, बँक, आधार सगळं आहे. काय हवंय हा रकाना नाही.

मला असं विचारणारा माणूस एकाच ठिकाणी दिसला. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाणाऱ्या गाडीत आखाजी नसताना, राखी नसताना, कोणाचा भाऊ न्यायला आलेला नसताना बायका बसलेल्या दिसतात. भर मंगळवारी. कडेवर पोर, पायाशी पिशवी, पिशवीत कधी कधी कारलीसुद्धा. कंडक्टर येतो, पंच वाजवतो आणि विचारतो, "हं ताई, कुठं जायचं?" बाई म्हणते, "पारोळा, एक." तो तिला नवऱ्याचा आधार क्रमांक विचारत नाही. फक्त सुटे मागतो, आणि ते नसले की चारचौघांत असा काही बोलतो की सासू परवडली.